पेरलेल्या सात चुका

यंत्राला सगळं येतं, फक्त ‘मला माहीत नाही’ एवढं म्हणता येत नाही. माहीत नसलं की ते ठोकून देतं, आणि इतक्या छातीठोकपणे देतं की वाचणाऱ्यालाच आपण शाळेत झोपा काढल्या की काय असं वाटावं. प्रकाशनाच्या मालकांनी दीड वर्षापूर्वी गाईडं आणि प्रश्नसंच संगणकावरच्या या यंत्राकडून लिहून घ्यायला सुरुवात केली आणि तेव्हापासून ताईंचे केस भराभर पांढरे झाले. ताई म्हणजे प्रकाशनाच्या तपासणी विभागाच्या प्रमुख. विभाग म्हणजे तरी काय, जिन्याखालची एक खोली, दोन टेबलं, कुरकुरणारा पंखा आणि घरी बसून गठ्ठे तपासणारे चार निवृत्त शिक्षक. या एवढ्याशा फौजेने यंत्राच्या थापा पकडायच्या.

आणि थापा तरी कसल्या! एका शास्त्रज्ञाचं नाव, जन्मगाव, त्याचा प्रयोग, सगळं झोकात छापलेलं, आणि असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर कधी जन्मलाच नव्हता. उत्तरसूचीत ‘क’, तर खालच्या स्पष्टीकरणात ‘ब’च कसा बरोबर ते पाच ओळींत सिद्ध केलेलं. ‘शेजारील आकृतीचे निरीक्षण करा’ म्हणून प्रश्न, शेजारी आकृतीचा पत्ता नाही. सरळसरळ चुकलेलं पटकन दिसतं हो. बारीक चुकलेलं, नव्वद टक्के खरं असलेलं, ते डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं. पोरं ही पुस्तकं घोकतात. त्यांना काय ठाऊक कोणती ओळ खरी आणि कोणती हवेतून आलेली?

म्हणून ताईंनी एक शिस्त लावली होती. प्रत्येक प्रश्नासमोर ‘आधार’ असा कोरा रकाना. तपासणाऱ्याने पाठ्यपुस्तक उघडायचं, उत्तर शोधायचं, सापडलं तर पान क्रमांक लिहायचा आणि मगच बरोबरची खूण करायची. नाही सापडलं तर गोल. डोक्यातून उत्तर आठवलं म्हणून खूण करायची नाही, मग तुम्ही कितीही मोठे सर असा. हेच पान क्रमांक पुढे पुस्तकात उत्तराखाली छापले जायचे, म्हणजे पोरांनाही पडताळून पाहता येईल.

आणि दुसरी शिस्त, जी फक्त ताई, मालक आणि अण्णा यांनाच माहीत होती, ती पेरणीची. गठ्ठा तपासायला देण्याआधी ताई त्यात सात चुका स्वतःच्या हाताने घालायच्या. त्यांची यादी पाकिटात बंद करून ड्रॉवरमध्ये. गठ्ठा परत आला की पाकीट फोडायचं आणि सातपैकी किती पकडल्या ते मोजायचं. सातही पकडल्या तर यंत्राच्या चुकाही बहुतेक सगळ्या सापडल्या असणार. चारच पकडल्या तर यंत्राच्याही जवळजवळ निम्म्या निसटल्या असं समजायचं. पाचाच्या खाली आलं की तो गठ्ठा मुकाट्याने दुसऱ्याकडे. पेरलेल्या चुका अर्थात छपाईआधी यादी समोर ठेवून काढून टाकायच्या.

ही युक्ती मुळात अण्णांची. अण्णा म्हणजे ताईंचे वडील आणि चार तपासनीसांतले सगळ्यांत जुने. चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं. वर्गात रोज फळ्यावर एक गोष्ट मुद्दाम चुकीची लिहायचे आणि तास संपायच्या आत पोरांनी ती पकडायची. नाही पकडली तर दुसऱ्या दिवशी सर तोंड पाडून वर्गात यायचे, म्हणायचे, काल मी तुम्हाला फसवलं आणि तुम्ही फसलात, आता मी घरी काय तोंड दाखवू. पोरं हसून लोळायची, पण डोळे फळ्यावरून हलायचे नाहीत.

इतर तिघांना पेरणीचा पत्ता नव्हता. अण्णांना होता, आणि तरी त्यांच्या गठ्ठ्यातही ताई सात चुका घालायच्याच, कारण तो बापलेकीचा खेळ होता. अण्णा यंत्राच्या चुकांवर नुसता गोल करायचे. पण लेकीने घातलेल्या चुकीशेजारी लाल पेन्सिलीने लिहायचे, ‘हा तुझा.’ कसं ओळखायचे देव जाणे. विचारलं तर म्हणायचे, यंत्र चुकतं तेव्हा त्याला लाज नसते, तू चुकीचं लिहितेस तेव्हा तुझा हात अडखळतो, ते कागदावर दिसतं मला. टाईप केलेल्या कागदावर कसला आलाय हात! पण सातला सात ‘हा तुझा’ बरोबर असायचे. आईच्या माघारी अण्णा एकटे राहत होते, ताईंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, आणि खरं सांगायचं तर त्यांचा दिवस या गठ्ठ्यांवरच निघत होता.

त्या आठवड्यात अण्णांनी तपासलेला आठवीच्या विज्ञानाचा संच शुक्रवारी छापायला जायचा होता. मंगळवारी सकाळी डीटीपीवाली मुलगी कागद हातात घेऊन ताईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. पान क्रमांक टाकता टाकता तिला काहीतरी खटकलं होतं. ती जरा चाचरतच म्हणाली की सरांनी आधारात पान दोनशे चौदा लिहिलंय, पुढे दोनशे एकतीस लिहिलंय, आणि पाठ्यपुस्तक तर एकशे शहाण्णव पानांचंच आहे.

ताईंनी तिला काहीतरी सांगून पाठवलं. मग दार लोटून घेतलं आणि या वेळी फोडायचं लांबणीवर टाकलेलं पाकीट ड्रॉवरमधून काढलं. पाण्याची घनता शून्य अंशाला सर्वांत जास्त असते, ही पहिली पेरणी. आठवीतलं पोरही सांगेल की चार अंशाला. समोर बरोबरची खूण. ध्वनी निर्वात पोकळीतून जातो. खूण. आवाज पोलादापेक्षा हवेत वेगाने जातो. खूण. सातही ठिकाणी नीट, ठसठशीत, मास्तरी वळणाची बरोबरची खूण होती. ‘हा तुझा’ अख्ख्या गठ्ठ्यात एकदाही नव्हतं.

एक गोष्ट ताईंनी कुणालाच सांगितली नव्हती. आधीच्या संचात अण्णांनी सातपैकी चारच पकडल्या होत्या. नियमाने तो गठ्ठा दुसऱ्याकडे जायला हवा होता. ताईंनी तो जाऊ दिला नाही. अण्णांना सर्दी होती, आपलीच पेरणी जरा अवघड झाली, असं काहीबाही स्वतःला समजावून त्यांनी त्यावर ‘तपासले’चा शिक्का मारला होता. त्याआधी पाच, त्याआधी सहा. उतरता आकडा डोळ्यांसमोर होता आणि त्यांनी डोळेझाक केली, कारण बापाचा गठ्ठा परक्याकडे पाठवायचा म्हणजे बापाला काय सांगायचं?

मालकांपासून लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी गठ्ठा चाळला आणि कपाळाला हात लावला. त्यांचं निदान तयार होतं. पुस्तकात नसलेली पानं धडाधड लिहिणं ही यंत्राचीच खोड, रोजच बघतो आपण. सर म्हातारे झाले, कंटाळले, कुणाकडून तरी गठ्ठा यंत्राला वाचायला दिला आणि जे आलं ते उतरवून काढलं. म्हणजे यंत्राने लिहायचं, यंत्रानेच तपासायचं, आणि मुखपृष्ठावर नाव सरांचं. मालक वाईट माणूस नव्हता. स्वतः सरांच्या हाताखाली शिकलेला होता, म्हणून तर जास्त चिडला. म्हणाला, ताई, हे या एकाच पुस्तकाचं आहे की आधीपासून चाललंय, ते मला सरांकडून लेखी आणून द्या. दुकानांत पुस्तकं आहेत, पोरांच्या हातात आहेत. मला कळायला नको?

दुपारच्या उन्हात ताई अण्णांकडे निघाल्या आणि वाटभर त्यांच्या डोक्याचा नुसता भुगा होत होता. राग येत होता, आणि त्यांना तो यायलाच हवा होता. बापाने लबाडी केली हे चालण्यासारखं होतं. लबाडीवर भांडता येतं, अबोला धरता येतो, मग समेटही होतो. दुसरं जे काही मनाच्या कोपऱ्यात उभं होतं, गेल्या महिन्यात चहात दोनदा साखर, परवा ताईंना आत्याच्या नावाने मारलेली हाक, तिकडे त्या बघायलाच तयार नव्हत्या.

अण्णा टेबलाशीच बसले होते. समोर पाठ्यपुस्तक, लाल पेन्सिल, टोक केलेली. ताईंनी चपला काढल्या न काढल्या आणि गठ्ठा टेबलावर आपटला. बोलायला लागल्या त्या थांबेनात. पोरांना आयुष्यभर कॉपी करू नका म्हणून सांगितलंत, आणि आता हे? दोनशे चौदा पान कुठून आणलंत? माझ्या शिक्क्याची तरी लाज राखायची. यंत्राकडून करून घेतलंत ना?

अण्णांनी गठ्ठा जवळ ओढला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. पहिल्या पेरणीपाशी त्यांचं बोट थांबलं, आणि चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं जे ताईंना तेव्हा कळलं नाही. मग ते शांतपणे म्हणाले, ‘हो. यंत्राकडूनच करून घेतलं.’

कुणाकडून, तर गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान आहे, तिथल्या माणसाकडून. केव्हापासून? अण्णांनी बोटं मोजली. हे सोडून आधीची पाच पुस्तकं. ताई धाडकन खुर्चीत बसल्या. हे एकच म्हणाले असते तर प्रकरण मिटलं असतं, आणि हा माणूस आणखी पाचांची कबुली देतोय! अण्णा म्हणाले, कागद दे, लिहून देतो, मालकाला लेखीच लागेल. आणि चष्मा चढवून लिहायलाही लागले.

ताईंना तिथे बसवेना. डोळे भरून आले होते आणि ते अण्णांना दाखवायचे नव्हते. त्या उठून आतल्या खोलीत गेल्या, पुस्तकांच्या फळीसमोर उगाच उभ्या राहिल्या. फळीवर अण्णांची शाळेतली सगळी हयात रांगेने उभी होती. एकदम कोपऱ्यात आठवीचं जुनं विज्ञान, तीन अभ्यासक्रमांपूर्वीचं, पुठ्ठा निखळलेलं, दोऱ्याने शिवलेलं. ते जाडजूड होतं. ताईंनी का कोण जाणे, ते उघडलं. या हाताला कामाची सवयच तशी, पान क्रमांक दिला की पडताळल्याशिवाय राहत नाही.

पान दोनशे चौदा. पाण्याचे असंगत आचरण. समासात अण्णांच्या अक्षरात, शाई उडालेली, ‘चार अंश, चार अंश, चार अंश’, असं तीनदा लिहिलेलं, पोरांकडून घोकून घ्यायला.

दोनशे एकतीसवर ध्वनीचा धडा होता. गठ्ठ्यातली आणखी तीन पानं ताईंना तोंडपाठ झाली होती, तीही काढून पाहिली. सगळी जिथल्या तिथे. यंत्राच्या बापालाही हे पुस्तक ठाऊक नसणार. हे क्रमांक हवेतून आलेच नव्हते. वर्षानुवर्षं शिकवलेलं पुस्तक त्या डोक्यात पानासकट शाबूत होतं. अण्णा विषय वाचत होते, डोक्यातलं पान आठवत होते, ते लिहीत होते, आणि तेवढ्यात समोरचं उत्तर काय होतं तेच हातातून निसटत होतं. समोर उघडलेलं नवं पुस्तक ते बघत असतील, नसतील. बघून विसरत असतील.

ताई पुस्तक घेऊन बाहेर आल्या. अण्णांची सही व्हायची होती. ताईंनी दोनशे चौदावं पान त्यांच्यापुढे धरलं.

‘हे यंत्राला कुठून माहीत, अण्णा?’

अण्णांनी पेन खाली ठेवलं. त्या पानाकडे बघितलं, जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं. मग सगळं बाहेर आलं, तुकड्यातुकड्याने. वर्ष होत आलं होतं. प्रश्न वाचायचा, पुस्तक उघडायचं, आणि उघडल्यावर काय शोधायचं होतं ते गेलेलं असायचं. परत प्रश्न, परत पुस्तक. एका प्रश्नाला अर्धी सकाळ. टेबलाच्या खणात चिठ्ठ्या होत्या, त्यांनीच काढून दाखवल्या. ‘प्रश्न ४१ वाचला.’ ‘प्रश्न ४१ वाचला आहे, पुढे जा.’ ‘४१ झाला का?’ सुरुवातीला बरेचसे तरी पकडता यायचे. ‘हा तुझा’ लिहिताना इतका आनंद व्हायचा की त्यावर आठवडा निघायचा. या गठ्ठ्यात एकही दिसला नाही, तेव्हा वाटलं, पोरीने या वेळी पेरणीच केली नाही.

ताई रडल्या. अगदी लहान पोरीसारख्या, टेबलावर डोकं ठेवून. मला का नाही सांगितलंत, मी कोण परकी आहे का, असं कितीदा तरी म्हणाल्या. आणि आपण त्या चारांच्या आकड्यावर शिक्का कसा मारला तेही सांगून टाकलं. अण्णा त्यांच्या पाठीवर थोपटत राहिले. मग कागद पुढे ओढून त्यांनी सही केली.

ताई म्हणाल्या, हे खोटं आहे, मी हे नेणार नाही. मी मालकाला खरं सांगते. त्यालाही कळेल, तो तुमचाच विद्यार्थी आहे.

‘म्हणूनच नको,’ अण्णा म्हणाले. ‘लबाड म्हटलं तर दोन दिवस शिव्या घालतील आणि विसरतील. हे कळलं तर भेटायला येतील. जुनी पोरं येतील, ओळखलंत का सर म्हणून समोर उभी राहतील, आणि मला ओळखता येणार नाही. बिचारा म्हणतील. मला लबाड म्हणू दे, बिचारा नको.’

मग ते म्हणाले, ‘पाचही पुस्तकं मागवायला लाव. कारण काहीही असो, चुका पोरांच्या हातात आहेत.’

तेव्हा ताईंना कळलं की पाचचा आकडा का. या माणसाने आपलं खोटंसुद्धा मापाने बेतलं होतं. न छापलेल्या या एकाच पुस्तकाची कबुली दिली असती तर नाव थोडं तरी वाचलं असतं, पण आधीची पाच तशीच पोरांच्या दप्तरात राहिली असती. स्वतःच्या नावावर पाच पुस्तकांचा डाग घेतला, कारण चुका पाच पुस्तकांत होत्या. जन्मभर ताईंनी कागदावरची बनावट माहिती खोडली होती, आणि आता हातात जो कागद होता त्यात अक्षरन् अक्षर बनावट होतं आणि तो नेऊन देण्यावाचून त्यांच्याकडे इलाज नव्हता.

बुधवारी सकाळी त्यांनी पत्र मालकांपुढे ठेवलं. सोबत आपलंही एक ठेवलं, चारांच्या गठ्ठ्यावर शिक्का मी मारला, नियम मी मोडला, जी कारवाई करायची ती करा. तेवढं तरी खरं लिहिता येत होतं. मालकांनी ताईंचं पत्र बाजूला सारलं, म्हणाले, तुम्ही लेक आहात, तुम्हाला मी काय बोलू, पण आता पाचही संच तुम्हीच पहिल्यापासून तपासायचे. दुकानांना लगेच फोन गेले. गठ्ठे परत मागवले, विकलेल्यांसाठी शुद्धिपत्र काढायचं ठरलं, शुक्रवारची छपाई पुढे गेली. मग त्यांनी अण्णांचं पत्र पुन्हा एकदा वाचलं.

‘ज्यांनी आम्हाला खरं-खोटं शिकवलं ते असे निघावेत,’ मालक म्हणाले. ‘मेले असते तर एवढं वाईट वाटलं नसतं.’

ताईंच्या जिभेवर एकच वाक्य होतं. ते बोलल्या असत्या तर हा माणूस तिथेच ढसाढसा रडला असता आणि संध्याकाळी फळं घेऊन अण्णांच्या दारात उभा राहिला असता. अण्णांना नेमकं तेच नको होतं. ताईंनी ते वाक्य गिळलं. ‘हो,’ एवढंच म्हणाल्या, आणि जिन्याखालच्या खोलीत जाऊन पहिल्या संचाचा पहिला प्रश्न उघडला. पाठ्यपुस्तक उजव्या हाताला, पान शोधायचं, क्रमांक लिहायचा, खूण करायची. डोळे सारखे भरून येत होते आणि प्रत्येक ओळ दोनदा वाचावी लागत होती. दिवसभरात नव्वद प्रश्न झाले. त्यांतल्या अकरांवर गोल करावा लागला.

संध्याकाळी त्या अण्णांकडे गेल्या. डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली होती, ते त्यांनी सांगितलं. अण्णांनी मान हलवली. टेबल आवरून ठेवलेलं होतं, पाठ्यपुस्तक फळीवर, चिठ्ठ्या नाहीत. लाल पेन्सिल तेवढी खिशाला लावलेली होती. ताईंनी चहा केला, कप त्यांच्या हातात दिला, आणि समोर बसल्या.

अण्णांनी विचारलं की पुस्तकं मागवली का. मागवली म्हणून ताईंनी सांगितलं, पाचही. त्यावर त्यांचा चेहरा इतका निवळला की ताईंना बघवेना. दोन घोट घेऊन झाल्यावर त्यांनी जरा बिचकत विचारलं, ‘आणि मालक? माझ्याबद्दल काय म्हणाला?’

ताईंनी दिवसभर या प्रश्नाची तयारी केली होती. आवाज सरळ ठेवून, त्यांच्याकडे बघून, अजिबात न अडखळता त्या म्हणाल्या, ‘म्हणाले, चूक कुणाचीही होते. सरांसारखा तपासणारा पुन्हा मिळायचा नाही.’

अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं. सहा महिन्यांत त्यांची नजर इतकी स्वच्छ ताईंनी पाहिली नव्हती. त्यांनी कप खाली ठेवला, खिशातली लाल पेन्सिल काढली, आणि कागद नव्हता म्हणून टेबलावरच बोटाएवढा छोटा गोल काढला.

‘हा तुझा,’ ते म्हणाले.

मग त्यांनी हात लांब करून ताईंचा हात धरला, आणि चहा निवून गेला तरी सोडला नाही.